दुपाणी: चार कार्डं, एक ओवी आणि हललेला दगड

टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायच्या खेळासाठी मी रचलेल्या पहिल्या जगाची वही 64 पानांची होती. लाल पुठ्ठ्याचं लाँगबुक, बेळगावात उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसात डिस्पॅचच्या नोंदींना वापरतो तसलं. राजघराण्याच्या सात पिढ्या, दोन मोठी युद्धं, एक शापित मुकुट, देवांची वंशावळ आणि अकरा संघटना, सगळं त्यात होतं. तीन महिने रात्री जागून लिहिलं होतं. पहिल्या रविवारी पाच जण खेळायला बसले. मी इतिहास सांगायला सुरुवात केली, आणि सात पिढ्यांतली तिसरी संपायच्या आत मामेभावानं विचारलं, "मास्तर, खरं ह्या गावात रात्री झोपायला कुठं मिळतंय?"

ते वहीत नव्हतं. राजाच्या खापरपणज्याचं नाव होतं, धर्मशाळा नव्हती.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण गेम मास्टर, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. मास्टर सांगतो समोर काय आहे, खेळाडू सांगतात आपलं पात्र काय करतं, आणि जिथं नेमकं काय होईल ते सांगता येत नाही तिथं फासा टाकायचा. या प्रकारातला पहिला गाजलेला खेळ, डंजन्स अँड ड्रॅगन्स, 1974 साली अमेरिकेत निघाला. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम 2023 च्या जानेवारीत मुक्त परवान्याखाली आले, आम्ही तेच वापरतो. वीस बाजूंचा फासा हातात येईपर्यंत आम्ही 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या करून श्रीखंडाच्या डब्यातून उचलायचो. नियम मिळतात, फासे मिळतात. जग मात्र ज्याचं त्यानं करायचं, आणि माझं सगळं अडलं ते तिथं.

आमचा अड्डा वडगावात, मामेभावाच्या मागाच्या वर. रविवारी दुपारी खालचे माग बंद असले तरच बोललेलं ऐकू येतं. मामेभाऊ, डेंटलला शिकणारी खानापूरकडची एक मुलगी, हायस्कूलवरचे गणिताचे सर, निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेब बघणारा एक मित्र आणि बँकेतली एक मैत्रीण, जिच्या घरी कन्नड बोलतात. मध्ये चुरमुऱ्यांच्या गिरमिटाचं पातेलं. मला सगळे मास्तर म्हणतात. खऱ्या मास्तरांना सर म्हणावं लागतं, त्यामुळे गोंधळ होत नाही.

64 पानांतलं काय ठेवायचं हे ठरवताना पहिला सुरा सरांनीच चालवला. त्यांनी विचारलं, "अकरा संघटना आहेत ना तुमच्या? मग एकमेकांशी त्यांची नाती किती झाली?" मी म्हटलं बरीच. ते म्हणाले, "बरीच नाही, 55." अकरांतल्या प्रत्येकीची उरलेल्या दहांशी जोडी, आणि प्रत्येक जोडी दोनदा मोजली म्हणून भागिले दोन. टेबलावर खेळाडू काहीही करतात, आणि त्या क्षणी मला माहीत हवं की याचा राग कुणाला येईल आणि फायदा कुणाचा होईल. 55 नाती डोक्यात राहात नाहीत. चार गट घेतले तर जोड्या सहाच होतात, आणि सहा मला झोपेतसुद्धा सांगता येतील. तीन गट घेतले तर जोड्या तीनच, पण मग दोघं मिळून तिसऱ्याला बडवतात आणि गोष्ट तिथंच संपते. चारांत कुणीतरी कुंपणावर बसायला उरतो. म्हणून चार.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी होती. चारांतले दोन मुख्य गट मी सरहद्दीवरची दोन गावं केली होती, दोघांची भाषा वेगळी आणि भांडण त्यावरूनच. बेळगावात वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! तासाभरात माझ्या लक्षात आलं की बँकेतली मैत्रीण काहीच बोलत नाही. तिची पाळी आली की "मी मागं थांबते" एवढंच. निपाणीवाला उलट फारच जोरात होता. मी खेळ थांबवला, गिरमिट संपवलं आणि त्या आठवड्यात ती दोन्ही गावं फाडून टाकली.

आपल्याकडे हा विषय नाजूक आहे हे मला आधीही माहीत होतं. नंतर ध्यानात आलं ते वेगळंच, आणि ते खेळाच्या बांधणीबद्दल होतं. भाषेच्या भांडणात पात्र कुठल्या बाजूला हे जन्मानंच ठरून जातं, खेळाडूला ठरवायला काही उरत नाही. गटांमधलं भांडण अशा गोष्टीवर हवं की पात्राला आज या बाजूला आणि पुढच्या रविवारी त्या बाजूला जाता येईल. पाणी, वाट, मीठ, धान्य, एखादी चावी.

पाणी कसं सापडलं तेही सांगतो. जुलैत मी आणि मामेभाऊ गाडीवरून जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलो होतो, मलप्रभेच्या उगमापाशी. पाऊस असा की हेल्मेटच्या आत पाणी. ही नदी तिथून पूर्वेकडे निघते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि समुद्राला जाते. टपरीत चहा घेताना मामेभाऊ कौलांकडे बघत म्हणाला, "ह्या बाजूचं पाणी बंगालच्या उपसागराला, त्या बाजूचं गोव्याला. एकाच कौलाचं." ती टपरी नेमकी पाणलोटाच्या रेषेवर होती की नाही देव जाणे, पण माझं जग तिथं तयार झालं. घाटमाथ्यावरचं एक गाव, त्यातलं एक देऊळ. छपराच्या एका पाखीचं पाणी उगवतीला जातं, दुसरीचं मावळतीला. गावाचं नाव दुपाणी.

(हे पहिल्यांदा टेबलावर मांडलं तेव्हा निपाणीवाला म्हणाला, "म्हणजे भाषा काढून कळसा-भांडुऱ्याचं पाण्याचं भांडण घातलास की!" बरोबर होतं त्याचं. पण यावेळी सगळे हसले, आणि बँकेतली मैत्रीण सगळ्यात आधी बोलली: "खालच्या गावाला पाणी कुणी सोडायचं ते कोण ठरवतं?" चला, म्हटलं, काम झालं.)

आता कार्डं. प्रत्येक गटाला एक, पोस्टकार्डाएवढं, एकच बाजू लिहायची. त्यावर चारच गोष्टी: यांना काय पाहिजे, यांच्याकडे काय नाही, कुणी अडवलं नाही तर पुढे काय करणार, आणि यांचा चेहरा कोण. इतिहास नाही. एक कार्ड जसंच्या तसं देतो, कारण यावरच सगळं चालतं.

बिनराजाची शिबंदी. पाहिजे: राजा. नाही: धान्य, आणि वाचता येणारा माणूस. पुढे: तांड्यातल्या एका पोराला वारस म्हणून गडावर बसवणार आणि घाटाची वाट बंद करणार. चेहरा: म्हातारा सुभेदार, बोलताना तलवारीची मूठ फडक्यानं पुसतो, 40 वर्षं पगार नाही तरी रोज हजेरी घेतो.

बाकीचे तीन गट असे: घाटात जकात घेणारे नाकेवाले, पाटाचं पाणी वाटणारे पाटकरी आणि कोकणातून मीठ आणणारे तांडेवाले. "काय नाही" ही ओळ सगळ्यात कामाची. "काय पाहिजे" वरून गट एकमेकांशी भांडतात, पण "काय नाही" वरून त्यांना एकमेकांचं तोंड बघावं लागतं. शिबंदीकडे धान्य नाही आणि पाटकऱ्यांकडे हत्यारं नाहीत. पाटकरी शिबंदीला शिव्या देतात आणि रात्री धान्य पाठवतात. सहा जोड्यांसाठी मी अशी सहा वाक्यं लिहिली, प्रत्येकात एक गरज आणि एक राग. खेळाडूंनी नाक्यावर कुणाला मारलं तर कुठल्या घरी चूल पेटणार नाही, हे कार्ड न बघता मला सांगता येतं.

"पुढे काय करणार" या ओळीशेजारी मी एक वर्तुळ काढतो, त्याचे सहा भाग. शिबंदीचे सहाही भाग भरले की पोरगा गादीवर आणि वाट बंद. ही वर्तुळाची पद्धत माझी नाही, बऱ्याच खेळांत चालते. मी फक्त फाशाची जोड दिली. शनिवारी रात्री प्रत्येक गटासाठी दोन साधे फासे टाकतो. बेरीज 2 ते 5 आली तर त्यांचं काहीतरी फिसकटलं, भाग भरायचा नाही. 6 ते 8 आली तर एक भाग. 9 ते 12 आली तर दोन. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी पहिल्या प्रकारात 10, मधल्यात 16, शेवटच्यात 10, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा एक भाग जातो आणि अधूनमधून धक्का बसतो. खेळाडूंनी मध्ये काडी घातली असेल तर त्या आठवड्यात फासाच नाही, जे त्यांनी केलं तेच खरं. मग प्रत्येक बदलाची एक दिसणारी खूण ठरवायची. शिबंदीचा तिसरा भाग भरला तेव्हा नाक्यावरच्या दोन पोरांच्या डोक्यावर अचानक जुनी पागोटी आली. खेळाडूंना वर्तुळ दिसत नाही, त्यांना पागोटी दिसतात.

हे सगळं मिळून शनिवारी 40 मिनिटं लागतात. गुपितांना मात्र वेळ द्यावा लागला, आणि तिथंच मी सगळ्यात जास्त आपटलो.

दुपाणीचं मोठं गुपित असं. गावाच्या वर एक ओढा आहे, तो मूळचा उगवतीला वाहायचा. 40 वर्षांपूर्वी देवळामागचा एक दगड हलवून तो मावळतीला वळवला. पुढचं सगळं त्यातून आलं. उगवतीच्या पाटात पाणी कमी पडतं म्हणून पाटकरी मोजूनमापून देतात, आणि मावळतीच्या उताराला हिरवळ झाली म्हणून तांडेवाले तिथं बैल चारतात. पहिल्या वेळी मी हे गुपित गडावरच्या एका पेटीत, एका पत्रात ठेवलं. पेटीला कुलूप, कुलपाला सापळा. पाच रविवार गेले, खेळाडू गडावर गेलेच नाहीत. सहाव्या रविवारी गेले आणि तळमजल्यावर सुभेदाराशी गप्पा मारून परत आले. पेटी वरच्या मजल्यावर होती. सुभेदारानं त्यांना वर यायचा तीनदा आग्रह केला, तेव्हा डेंटलवाली म्हणाली, "मास्तर, वर काहीतरी ठेवलंय व्हय?" खेळाडूंना तुमचा हात दिसू लागला की समजावं, गुपित चुकीच्या जागी बांधून ठेवलंय.

तेव्हापासून मी गुपितं जागेला बांधत नाही. कागदावर नुसती वाक्यं लिहितो, प्रत्येक रविवारी आठ-दहा, कुठं आणि कुणाकडून कळणार ते न लिहिता. खेळाडू जिथं हुडकतील आणि ज्याला विचारतील, तिथल्या माणसाला शोभेल ते वाक्य तिथं द्यायचं. जे वापरलं गेलं त्यावर रेघ, उरलेलं पुढच्या आठवड्यात. आणि ज्या गोष्टीवाचून गोष्टच अडेल, तिला तीन वेगवेगळ्या खुणा तयार ठेवायच्या. हा तीन खुणांचा नियम जुन्या खेळणाऱ्यांत चालत आलेला आहे आणि तो फार व्यवहारी आहे. एक खूण खेळाडूंच्या नजरेतून सुटते, दुसरीचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरी लागू पडते. तिन्ही एकाच जातीच्या मात्र नकोत. तिन्ही पत्रं असतील तर ती एकच खूण झाली.

"ओढा माणसांनी वळवला" यासाठी माझ्या तीन खुणा या होत्या. एक डोळ्यांची: दगडाच्या बुडाशी पाचरीच्या खाचा, एका ओळीत, सारख्या अंतरावर. एक हिशेबाची: शिबंदीच्या दप्तरातली त्या वर्षाची धान्याची नोंद. आणि एक कानाची. ही तिसरी आधी कोडं म्हणून लिहिली होती, जड भाषेतलं आणि यमक जुळवलेलं. वाचून दाखवलं तर मामेभाऊ जांभई देऊन मोकळा झाला. मग मी ते फेकून जात्यावरची ओवी केली, मावळतीच्या वस्तीतल्या एका म्हातारीच्या तोंडी:

उगवतीची गं नदी, मावळतीला दिली
पाठराखणीला तिच्या, पाथरवटं गेली

म्हातारी दळता दळता हे म्हणते आणि खेळाडूंकडे बघतही नाही. खाचा त्यांनी आदल्या रविवारी पाहिल्या होत्या आणि "कुणीतरी नाव कोरायला घेतलं असेल" म्हणून सोडून दिल्या होत्या. ओवी ऐकून चौघं पुढे निघाले. डेंटलवाली थांबली. तिच्या आजीकडे जातं आहे, तिनं खऱ्या ओव्या ऐकल्यात. ती म्हणाली, "मास्तर, पुन्हा म्हणा की." मी म्हटली. मग म्हणाली, "पाठराखणीला करवली जाते, नाहीतर म्हातारी आत्या जाते. नवरीसंगं पाथरवट कशाला जातील ओ?" दोन सेकंद शांतता. मग सर म्हणाले, "त्या खाचा!" आणि सगळे एकदम बोलायला लागले. मी गिरमिट खात बसलो. ओवी कळायला इतिहास लागला नाही, लग्नात कोण कोणाबरोबर जातं एवढं माहीत असलं की पुरे. खूण खेळाडूंच्या घरातली हवी.

हिशेबाची खूण मी गडावर ठेवली होती, आणि गडावर ते पुन्हा जातील याची खात्री नव्हती. पुढच्या रविवारी ते नाक्यावरच्या मिठाच्या कोठारात घुसले. मी तिथल्या तिथं ठरवलं की मिठाचे पुडे जुन्या दप्तराच्या कागदात बांधलेत. निपाणीवाल्याच्या पात्रानं एक पुडा सोडला. मी वाचलं: देवळाची डागडुजी, पाथरवट 40, दिवस 18, दर माणशी रोज दीड शेर, एकूण पायल्या 270. त्यानं लगेच गुणाकार केला. 1,080 शेर, चार शेरांची पायली, बरोबर 270. "हिशेब चोख आहे," तो म्हणाला, आणि मग रोज वखारीत ज्या आवाजात बोलतो त्याच आवाजात, "खरं देऊळ तर म्हशीच्या गोठ्याएवढं हाय की. 40 माणसं 18 दिवस काय डागडुजी करूलालीत?" हा आकडा मी शनिवारी मुद्दाम जुळवला होता. चुकीचा असता तर त्यानं घोटाळा शोधला असता आणि भलतीकडेच गेला असता.

कागद गडावरून कोठारात हलवले तर ते तिथं कसे आले हे सांगावं लागतं, लगेच, नाहीतर भोक दिसतं. मी म्हटलं, कुणीतरी गडावरचं दप्तर रद्दीच्या भावानं विकतंय. कोण? सुभेदाराचा नातू, असं तोंडातून निघून गेलं. हे माझ्या कुठल्याच कार्डावर नव्हतं. पण शिबंदीकडे धान्य नाही आणि वाचता येणारा माणूसही नाही हे कार्डावर होतं, म्हणून नातवानं ज्याची किंमत घरात कुणालाच कळत नाही ते विकावं हे आपोआप बसलं. चांगलं कार्ड असलं की ऐनवेळचं खोटंसुद्धा खऱ्यासारखं बसतं, ते असं.

मग मला चव लागली आणि मी घसरलो. सरांनी एक तर्क मांडला: दगड पाटकऱ्यांनीच हलवला, पाणी कमी पडलं की वाटणाऱ्याचं वजन वाढतं म्हणून. तर्क माझ्या मूळ बेतापेक्षा सुरेख होता. मी मोहात पडलो आणि एका म्हाताऱ्या पाटकऱ्याकडून कबुली देऊन टाकली. टेबल खूश. पुढच्या रविवारी निपाणीवाल्यानं आपली डायरी उघडली. "मास्तर, मग पाथरवटांना धान्य शिबंदीनं का दिलं? दप्तर त्यांचं होतं न्हवं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी म्हाताऱ्याला खोटारडा ठरवावं लागलं. आपल्या बापाला वाचवण्यासाठी तो खोटं बोलला अशी थिगळं लावत दोन रविवार गेले. नुकसान वेगळंच झालं. पुढची खूण मिळाल्यावर बँकेतल्या मैत्रिणीनं विचारलं, "हे खरं हाय, का आत्ताच ठरवलात?" हा प्रश्न टेबलावर आला की समजायचं, खेळाडूंनी शोधायचं सोडून तुम्हाला ओळखायला सुरुवात केलीय.

तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने आहेत. एकात जे हलू शकतं: खूण कुठं सापडेल, कोण सांगेल, कधी कळेल. दुसऱ्यात जे हलणार नाही: काय घडलं, कुणी केलं, का केलं. दुसऱ्या रकान्यात चारच ओळी आहेत आणि त्या पेनानं लिहिल्यात. टेबलावर एकदा बोललेलं पहिल्या रकान्यातून निघून कायमचं पक्कं होतं, ते मी त्याच रात्री लिहून ठेवतो, नाहीतर निपाणीवाल्याची डायरी आहेच.

कामाला लावणारं आमंत्रण, ज्याला खेळात हुक म्हणतात, त्याबद्दल एवढंच. "गुहेत म्हणे काहीतरी आहे" यावर कुणी उठत नाही. मी असली वाक्यं डझनभर लिहिली होती, भीमगडाकडच्या वटवाघळांच्या गुहा डोळ्यापुढे ठेवून, आणि एकही चाललं नाही. चाललं ते हे: नाक्यावरचा कारकून म्हणतो, ही शाईची दौत अंधार पडायच्या आत पाटकऱ्याच्या घरी पोचवा, झाकणाचं मेण फोडायचं नाही, चार पायल्या मीठ देतो. मागणारा माणूस, एक साधं काम, वेळेची अट, ठरलेली मजुरी, आणि एक गोष्ट जी करू नका म्हटलंय. खेळाडूंनी मेण अर्थातच फोडलं. आत शाईच होती. नाक्याला शाई लागते हे ठीक, पण पाटकऱ्याला लिहायला शाई कशाला, यावर त्यांचा अख्खा रविवार गेला. मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. शनिवारी फासे टाकताना सापडलं: पाटकरी नवं पाणीपत्रक करतायत.

दुसऱ्या रकान्यातली चौथी ओळ त्यांना गेल्या रविवारी कळली. दगड 12 वर्षांनी परत जागेवर लावायचा असा राजाचा शब्द होता, पण हुकूम घेऊन येणारा स्वार वाटेतच मेला. म्हणून सुभेदार अजून हजेरी घेत बसलाय, हुकूम येईल म्हणून. शिबंदीच्या वर्तुळाचे पाच भाग भरलेत. गडावर पोराच्या मापाचा अंगरखा शिवायला टाकलाय.

पाच जणांची अर्धा तास वादावादी झाली. दगड परत लावला तर मावळतीची वस्ती तहानेनं मरते, ओवी म्हणणारी म्हातारी तिथलीच. नाही लावला तर शिबंदी वाट बंद करते आणि मीठ थांबतं. सर म्हणाले, अर्धाच हलवू. मामेभाऊ म्हणाला, पोराला पळवू. बँकेतल्या मैत्रिणीनं माझ्यासमोरचं एक कोरं कार्ड ओढून घेतलं आणि लिहायला लागली. तिच्या पात्राला लिहिता येतं, हे आम्ही सगळे विसरलो होतो. लिहून झाल्यावर तिनं वाचून दाखवलं. राजाचा हुकूम होता: शिबंदीनं दर पावसाळ्यात दगड उगवतीला करावा आणि दर उन्हाळ्यात मावळतीला, तहहयात, मजुरी दोन्ही गावांनी धान्यात द्यावी.

"सुभेदाराला वाचता येत नाही," डेंटलवाली म्हणाली.

"शिक्का तर बघंल की," मामेभाऊ म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दुपाणीत शिक्का कोरणारा कोण, हे माझ्या कुठल्याच कार्डावर नव्हतं. मी पेन उघडून सरांपुढे धरलं आणि म्हटलं, तुम्हीच सांगा, त्या 40 पाथरवटांपैकी अजून जिवंत कोण आहे?